इंटर्नशिपचं लॉग बुक: सह्या भरतात, पण काम दिसत नाही

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उरकली की माझ्याकडे नर्सिंगच्या इंटर्न मुली लॉग बुक घेऊन येतात. पानं भरलेली असतात, पण निम्म्या सह्या एकाच शाईत आणि एकाच दिवशी घेतलेल्या. तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोंदीत नुसतं 'कॅथेटरायझेशन केलं' लिहिणं. केलं म्हणजे काय? पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं की स्वतंत्रपणे केलं? या चार पायऱ्या वेगळ्या आहेत. तुमच्या कॉलेजच्या लॉग बुकात त्यांचा रकाना नसेल, तर शेऱ्यात लिहा. पाच नोंदींमध्ये पायरी वर सरकताना दिसली, तरच कौशल्य आल्याचं कळतं.

एका मुलीची मूळ नोंद होती: 'फीमेल सर्जिकल, कॅथेटर, १.' तिला आठवेल तेवढं पुन्हा सांगायला लावलं. साठीच्या बाई, ऑपरेशनआधी १४ फ्रेंचचा फोलीज. पहिल्यांदा कॅथेटर योनीमार्गात गेला, लघवी आली नाही. सिस्टरांनी तो तसाच खूण म्हणून राहू दिला, दुसरा निर्जंतुक कॅथेटर घेऊन वरच्या मूत्रद्वारातून घालायला लावला, आणि मगच पहिला काढला. लघवी वाहू लागल्यावर कॅथेटर थोडा आणखी आत सरकवून फुगा १० मिली डिस्टिल्ड वॉटरनं भरला. आता नोंद अशी झाली: 'देखरेखीखाली, दुसऱ्या प्रयत्नात.' मुलगी कचरत होती, चूक लिहायची कशी? माझ्या मते हीच तिच्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद आहे.

हा प्रसंग लॉग बुकात दोन ओळींचा, पोर्टफोलिओत एका पानाचा. लॉग बुक सांगतं काय आणि कितीदा केलं. पोर्टफोलिओ सांगतो त्यातून काय शिकलात. त्या पानावर नोंदीचा पान क्रमांक टाका. नाहीतर पोर्टफोलिओत प्रमाणपत्रांची नुसती चळत साठते, आणि केस कुठली ते तोंडी परीक्षेत तुम्हालाच सापडत नाही.

पोर्टफोलिओ महिन्यांप्रमाणे लावू नका. वॉर्ड बदलतात, तीच प्रक्रिया चार ठिकाणी विखुरते. कौशल्यागणिक विभाग करा: औषधं देणं, जखमेची निगा, प्रसूती असे. तारखा आपोआप क्रमानं लागतात. रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, केसपेपरचा फोटो मात्र त्यात कधीच नको. वय, लिंग, निदान आणि तुमचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक पुरे.

सहीसाठी ॲप्रनच्या खिशात छोटी वही ठेवा, ड्यूटी सुटण्याआधी तीन शब्द टिपा, त्याच रात्री लॉग बुकात उतरवा आणि आठवड्याच्या आत सही घ्या. ज्या सिस्टरांनी पाहिलं त्यांचीच. त्यांची बदली झाली असेल, तर जुनी तारीख टाकून दुसऱ्या कुणाची सही मागू नका. नोंद तशीच ठेवा, 'सही बाकी' लिहा आणि ट्यूटर मॅडमना सांगा. त्या तुम्हाला तीच प्रक्रिया पुन्हा करायला लावतील, आणि त्या नोंदीखाली आजचीच तारीख येईल.