डायफेनबाकियाचं खोड मऊ पडलंय? शेंडा कापताना या चुका टाळा

डायफेनबाकिया एका दिवसात कोलमडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आतून कितीतरी दिवस कुजत असतो. पानं हिरवीगार असतात, शेंड्याला नवी सुरळी उलगडत असते, आणि एके सकाळी झाड कुंडीच्या काठावर मान टाकून पडलेलं दिसतं. मातीलगतचं खोड बोटांनी दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं दबतं आणि पाणी सुटतं.

पहिली चूक इथेच होते. झाड वाकलं म्हणून काठी रोवून त्याला बांधतात, किंवा पानं मलूल झाली म्हणून तहान लागली असेल असं समजून आणखी पाणी घालतात. तहानलेल्या झाडाचं खोड सुरकुततं, पण चेपलं तरी बऱ्यापैकी घट्ट लागतं आणि त्याला वास नसतो. कुजलेलं खोड लिबलिबीत होतं, त्याची साल बोटाने सरकते, आणि जिवाणूंमुळे कूज झाली असेल तर सडक्या भाजीसारखा उग्र वास येतो. खालचं एखादं पान पिवळं पडणं मात्र या झाडाच्या स्वभावातच आहे. त्यावरून घाबरून कापाकापी करू नका.

मऊ पडलेलं खोड पुन्हा घट्ट होत नाही. वरून बुरशीनाशक मारा, माती सुकवा, काही केलं तरी तो भाग गेलेलाच असतो. खोडाचा वरचा भाग टणक आहे तोवर शेंडा कापून नवं झाड करणं एवढाच मार्ग उरतो, आणि तो लवकर धरावा लागतो. चार दिवस वाट पाहिली की कूज तेवढी वर चढते.

कापण्याआधी हातमोजे घाला. या झाडाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते कातडीत टोचून खाज आणतात, आणि तोंडात गेले तर जीभ आणि घसा सुजतो. डोळ्याला हात लावू नका, आणि कापलेले तुकडे मुलं किंवा मांजर-कुत्र्यांच्या हाती-तोंडी लागतील असे ठेवू नका. मोजे न घालता काम उरकायच्या नादात मी एकदा संध्याकाळभर मनगट खाजवत बसलो होतो.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. बहुतेक जण मऊ भाग संपतो तिथेच कापतात. बाहेरून खोड घट्ट लागतं, म्हणजे आतूनही ते निरोगी असणार असं धरून चालतात. मीही पहिल्या झाडाच्या वेळी असंच केलं. शेंडा नव्या मातीत लावला आणि दहाएक दिवसांत तो पुन्हा खालून मऊ झाला. कूज खोडाच्या आतल्या नळ्यांतून वर सरकते. सालीला त्याचा पत्ता लागायच्या आधीच ती काही सेंटीमीटर पुढे गेलेली असते.

म्हणून बोटांवर भरवसा न ठेवता कापलेली चकती बघायची. दुसऱ्या झाडाचं उदाहरण देतो. झाड साधारण 80 सेंटीमीटर उंच होतं आणि खालचं 7 सेंटीमीटर खोड मऊ पडलं होतं. पहिला काप मातीपासून 10 सेंटीमीटरवर दिला. बाहेरून कडक लागणाऱ्या त्या जागी मधोमध तपकिरी, पाणचट डाग निघाला. सुरी पुसून 13 सेंटीमीटरवर दुसरा काप दिला. तिथे डाग नव्हता, पण एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढे तीन-चार तपकिरी ठिपके होते. इथेच माणूस म्हणतो, चालेल, एवढ्याने काय होतंय. चालत नाही. तिसरा काप 16 सेंटीमीटरवर दिला, तेव्हा चकती सगळीकडून फिकट हिरवट-पांढरी, घट्ट आणि एकसारखी दिसली. तिथे थांबलो.

‘सुरी पुसून’ हे मी सहज लिहिलं, पण ते टाळलं तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते. कुजलेल्या भागातून गेलेलं पातं तसंच चांगल्या भागात घातलं, तर रोग आपणच पेरतो. प्रत्येक कापानंतर पातं सर्जिकल स्पिरिटने पुसा आणि कोरडं होऊ द्या. सुरी धारदार हवी. बोथट पात्याने खोड चेचलं जातं आणि चेचलेला भाग आधी कुजतो.

तर 64 सेंटीमीटर निरोगी खोड हाती राहिलं. त्यातला पानांचा वरचा 25 सेंटीमीटर भाग शेंडा म्हणून वेगळा केला. खालची पानं काढून वर चारच ठेवली, कारण मुळं नसलेल्या शेंड्याला सगळ्या पानांचं बाष्पीभवन झेपत नाही. मग तो सावलीत, हवेशीर जागी दोन दिवस आडवा ठेवून दिला. काप सुकून त्यावर कोरडी पापडी धरली पाहिजे. ओला काप थेट ओल्या मातीत खुपसला, की पहिल्या झाडाचीच गत होते.

लावण्यासाठी निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट घेतलं. परलाइट नसेल तर जाड, धुतलेली वाळू चालते. बागेतली चिकट माती नको, शेणखत नको, आणि मुळं येईपर्यंत कुठलंही खत नको. कुंडीही छोटीच घ्या, कारण मोठ्या कुंडीतली जास्तीची ओल शोषायला या वेळी मुळंच नसतात. शेंडा 5-6 सेंटीमीटर आत रोवला, म्हणजे एक-दोन पेरं मिश्रणाखाली गेली. हलत होता म्हणून बाजूला काडी लावली. ही काठी योग्य कामाला आली!

पाण्याच्या बाटलीतही मुळं येतात, हे खरं. पण कुजून वाचवलेल्या शेंड्याला मी पाण्यात ठेवत नाही. एखादा ठिपका नजरेतून सुटला असेल, तर बाटलीत तो फार झपाट्याने पसरतो. ठेवायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि खोडाचं टोक दाबून बघत जा.

नंतरची चूक म्हणजे उतावीळपणा. मुळं आली का बघायला दर आठवड्याला शेंडा उपटून पाहिला, तर नुकती फुटलेली मुळं तुटतात. वरचं मिश्रण बोटभर सुकलं की थोडं पाणी द्यायचं, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवायचं, एवढंच काम. उबदार हवेत तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. या काळात एखादं जुनं पान पिवळं पडतंच. शेंडा हलकेच ओढला तर अडल्यासारखा वाटला आणि नवी सुरळी उलगडू लागली, म्हणजे मुळांनी पकड घेतली. माझ्या शेंड्याला पाच आठवडे लागले.

राहिलं 39 सेंटीमीटर बोडकं खोड, जे लोक सरळ कचऱ्यात टाकतात. त्याचे साधारण 10 सेंटीमीटरचे चार तुकडे केले. प्रत्येकावर गळलेल्या पानांच्या खुणांची दोन-तीन वलयं होती आणि वलयापाशी बारीक फुगीर डोळे. तुकडेही तसेच दोन दिवस सुकवले आणि डोळा वर येईल असे आडवे, अर्धे मिश्रणात दाबून ठेवले. एक तुकडा तिसऱ्या आठवड्यात मऊ पडला, तो लगेच उचलून टाकला. उरलेल्या तिघांवर दोन महिन्यांच्या आसपास हिरवे कोंब दिसले. त्यातल्या एकावर तर दोन.