शिष्यवृत्ती घेताना दोन मिनिटं काय बोलावं

आमच्या तालुक्यातल्या पोरापोरींची मनोगतं मी गेली बारा वर्षं बसवून घेतोय. दोन मिनिटं म्हणजे साधारण सव्वादोनशे शब्द, वहीचं एक पान. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेऊ नका, सूत्रसंचालकाने ती आधीच तीनदा घेतलेली असतात. अध्यक्ष आणि ज्यांनी शिष्यवृत्ती ठेवली ते कुटुंब, एवढं पुरे. चारोळी नको.

अडतं ते पुढे, घराबद्दल बोलताना. "परिस्थिती सांग, सभागृह रडलं पाहिजे," असं मला एका सरांनी सांगितलं होतं. मी सांगितली. आईच्या तुटक्या चपलेला तार बांधलेली असते, हेसुद्धा सांगितलं. टाळ्या पडल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. परतीच्या एसटीत ती तासभर गप्प होती. मग म्हणाली, "चपलेचं कशाला काढलंस रे चारचौघांत?"

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. घरच्या माणसाबद्दलचं वाक्य आधी त्याच माणसाला वाचून दाखवायचं. त्याने मान खाली घातली, की वाक्य खोडायचं. आणि हलाखी सांगण्यापेक्षा घरच्यांनी काय केलं ते सांगायचं.

मागच्या वर्षी एका मुलीने लिहून आणलं होतं, "माझे वडील गरीब शेतमजूर असून आम्ही अत्यंत हलाखीत दिवस काढले." मी विचारलं, अकरावीला तालुक्याला कशी जायचीस? म्हणाली, पहाटेच्या एसटीने, पास होता. फाटा दोन किलोमीटर, अंधार असायचा, म्हणून वडील बॅटरी घेऊन सोबत यायचे आणि तिथूनच कामावर जायचे. मग आम्ही लिहिलं: "दोन वर्षं माझे वडील रोज पहाटे मला फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांची बॅटरी चालू असायची." त्यात गरीब हा शब्द कुठेच नाही. वडिलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "सेल दर महिन्याला बदलायचो, तेही टाक." टाकलं.

आभारातही "आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे" नको, हिशेब सांगा. तिला पंचवीस हजार मिळाले होते आणि वसतिगृहाची खानावळ महिन्याला अडीच हजार होती. ती म्हणाली, "या पैशातून माझं दहा महिन्यांचं जेवण होईल, म्हणजे परीक्षेपर्यंतचं." देणाऱ्या आजी पुढे वाकून ऐकायला लागल्या.

गावची बोली बदलायला जाऊ नका, घाईत "पाणी"चं "पानी" झालं तर होऊ द्या. सराव उभं राहून, मोठ्याने, पाच वेळा. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य.

शाल-नारळ हातात घेऊन माइकसमोर जाऊ नका, कागद धरता येत नाही. आधी कुणाकडे तरी द्या. उतरताना परत मागून घ्या, नारळ हमखास राहतो.