आठ सेंटिमीटरचे चार कसे झाले: वाळूचा कण, स्टोक्स आणि माझी फजिती

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये मी अप्रेंटिस म्हणून लागलो, तेव्हा द्रवात कण किती वेगाने खाली बसतो ते सांगणारं स्टोक्सचं सूत्र मला झोपेतही म्हणता येत होतं. खानापूरहून सकाळची गाडी पकडून यायचं आणि दिवसभर वाळू धुवायची. पहिल्या महिन्यात साहेबांनी विचारलं, "वाळू धुतो त्या टाकीत कण एक मीटर खाली बसायला किती वेळ लागेल?" माझ्या दृष्टीने हा दोन मिनिटांचा हिशोब होता.

v = g d² (ρp − ρ) / 18μ

कणाचा व्यास d 0.3 मिमी, वाळूची घनता ρp घनमीटरला 2650 किलो, पाण्याची ρ 1000, आणि 20 अंशांच्या पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, μ 0.001 पास्कल-सेकंद. उत्तर आलं सेकंदाला 8.1 सेंमी, म्हणजे मीटरभराला बारा सेकंद. मी ऐटीत कागद दिला. लॅबमधल्या मामांनी कागदाकडे पाहिलंही नाही. मीटरभराची पारदर्शक नळी उभी केली, पाणी भरलं आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं.

मी चिमूटभर वाळू टाकायला गेलो तर म्हणाले, "चिमूट नको रे, दहा-बारा कण टाक. चिमूट टाकलीस तर सगळी वाळू पाण्याला ढकलत गठ्ठ्याने खाली येते, वेग खोटाच दिसतो." कण टाकले. बारा सेकंदांनी ते नळीच्या मध्यावरही पोचले नव्हते. तळ गाठायला पंचवीस-सव्वीस सेकंद लागले. मी तीनदा करून पाहिलं.

चूक आकडेमोडीत नव्हती. स्टोक्सने 1851 मध्ये हे सूत्र मांडलं ते इतक्या संथ प्रवाहासाठी, की द्रवाची जडता हिशोबात धरायचीच नाही. गोलाला होणारा विरोध तिथे फक्त चिकटपणाचा असतो, म्हणून तो वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. कण मोठा झाला की त्याला पाणी बाजूला सारावं लागतं, मागे भोवरा धरतो, आणि विरोध वेगापेक्षा जास्त चढतो. हे ओळखायचं साधन म्हणजे रेनॉल्ड्स अंक, Re = ρvd/μ. माझ्या उत्तरावरून तो 24 येतो. स्टोक्स चालतो साधारण 1 च्या आत, आणि 1 पाशीही दहा-पंधरा टक्के चूक असतेच.

इथे मी अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. मनात येतं, "चुकीच्या वेगावरून काढलेल्या Re वर भरवसा कसा ठेवायचा?" ठेवा. स्टोक्स वेग नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच सांगतो, त्यामुळे त्यावरून काढलेला Re सुद्धा जास्तच येतो. तोही 1 च्या खाली आला तर निर्धास्त राहा. वर गेला तर कागद बाजूला ठेवा. पाण्यातल्या वाळूला ही सीमा सुमारे 0.1 मिमीवर लागते. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, उदाहरणातला कण आधीच बारीक दिलेला असतो. गाइडवरून सूत्रं पाठ करण्यावर माझा राग आहे तो यासाठीच.

मग खरा वेग कसा काढायचा? विरोध गुणांकाचं सूत्र वापरायचं, Cd = (24/Re)(1 + 0.15 Re^0.687). हे Re हजारच्या आसपास जाईपर्यंत चालतं. अडचण अशी की Re ला वेग लागतो आणि वेगाला Cd. मी अंदाजाचे फेरे मारत बसायचो. त्यापेक्षा Cd ला Re² ने गुणा, वेग कटून जातो:

Cd·Re² = 4 g d³ ρ (ρp − ρ) / 3μ²

आपल्या कणासाठी हा आकडा 583 येतो. म्हणजे 24 Re (1 + 0.15 Re^0.687) = 583 हे जुळवायचं. कंसातली भर सोडली तर Re 24, म्हणजे परत स्टोक्सच. भर धरली तर 13 वर जुळतं. वेग येतो सेकंदाला 4.3 सेंमी, मीटरभराला तेवीस सेकंद. उरलेले दोन-तीन सेकंद कणाच्या आकाराचे: वाळू काही गोल नसते. तो फरक सूत्रात शोधत बसू नका, मी एक रविवार घालवलाय.

गंमत म्हणजे त्याच लॅबमध्ये स्टोक्स रोज कामाला येतो. वाळूतली चिकणमाती मोजताना ढवळलेलं पाणी ठरावीक वेळ स्थिर ठेवून वरचं सायफनने काढतात. शेवटच्या फेऱ्यांत पाच मिनिटं थांबून वरचं पाच इंच, म्हणजे मिनिटाला एक इंच. 20 मायक्रॉनचा कण साधारण तेवढ्याच वेगाने बसतो. सूत्रात घालून पाहा: मिनिटाला 22 मिमी येईल, आणि Re 0.01 च्याही खाली. इथे डोळे झाकून वापरा.

फक्त पाण्याचं तापमान बघा. बेळगावात डिसेंबरच्या सकाळी नळाचं पाणी गार असतं. 15 अंशांना हाच कण मिनिटाला 19 मिमी बसतो, 30 अंशांना 27. गार पाण्यात थोडे जाड कणही सायफनमध्ये निघून जातात आणि माती उगाच जास्त दिसते. मामा म्हणूनच बादली आधी उन्हात ठेवायचे.