तूरडाळीच्या पाकिटाखालचे कार्ड

नागपुरातील एका सुपरमार्केटमध्ये फळीवरील कार्डांचा आणि किमतीच्या पाट्यांचा मजकूर तपासण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो. फळीच्या कडेला लावलेल्या छोट्या कार्डाला आमच्याकडे ‘टॉकर’ म्हणतात. या कामात नव्याने येणाऱ्यांपुढे मी नेहमी तूरडाळीचे एक जुने कार्ड ठेवतो, कारण त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

तळहातापेक्षा जरा मोठ्या त्या कार्डावर असा मजकूर होता : ‘सुपर सेव्हर! प्रथिनयुक्त, शुद्ध, स्वच्छ निवडलेली, लवकर शिजणारी अस्सल फटका तूरडाळ, १ किलो. एमआरपी ₹१९०, आमची किंमत ₹१६८, बचत ₹२२, १२ टक्के सूट. अर्धा किलो ₹८६. अटी लागू.’

अशा कार्डावर एकच गुण आणि एकच किंमत ठेवायची असते. गुण निवडताना मी आधी शेजारच्या पाकिटांकडे पाहतो आणि जे त्यांनाही लागू पडते ते खोडतो. प्रथिने प्रत्येक तूरडाळीत असतात, आणि आपली डाळ निवडलेली नाही असे कोणतेच पाकीट सांगत नाही, त्यामुळे हे दोन्ही शब्द गेले. ‘फटका’ हा शब्द इतवारीच्या ठोक बाजारात महत्त्वाचा आहे, कारण तिथे फटका आणि सवा नंबर या डाळीच्या प्रतींचे भाव वेगळे निघतात, पण आमच्या फळीपुढे उभ्या राहणाऱ्या काकू बहुधा एवढेच विचारतात, “भाऊ, ही शिजते ना लवकर?” कार्डावरचा एक गुण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे.

उत्साहाच्या भरात मी घरी कुकर लावून पाहिला आणि ‘तीन शिट्ट्यांत शिजते’ असे लिहून मोकळा झालो. आमच्या बिलिंग काउंटरवरील ताईंच्या घरी बोअरवेलचे पाणी आहे. त्यांच्याकडे त्याच पाकिटातील डाळीला पाच शिट्ट्या लागल्या. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणजे शिट्ट्यांचा आकडा आमच्या हातात नव्हताच. दुकान खात्रीने सांगू शकत होते ते एवढेच, की ही यंदाच्या तुरीची डाळ आहे, आणि जुनी डाळ शिजायला अधिक वेळ घेते. तेही पाकिटावरच्या पॅकिंगच्या तारखेवरून ठरवता येत नाही, कारण जुन्या तुरीची डाळही काल पॅक झालेली असू शकते. म्हणून खरेदी विभागाकडून तसे लेखी घेतले आणि मगच ‘नव्या तुरीची, लवकर शिजणारी डाळ’ ही ओळ कायम केली.

किमतीच्या बाबतीत पाच आकड्यांपैकी एकच ठेवायचा होता. एमआरपी पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारकच असल्यामुळे ती कार्डावरून काढल्याने ग्राहकापासून काही लपत नाही. बचत आणि सूट ही एकाच वजाबाकीची दोन रूपे होती, त्यातही १९० वर २२ म्हणजे साडेअकरा टक्क्यांहून किंचित अधिक होतात आणि आम्ही ते सोयीने १२ केले होते. राहिले ₹१६८. ‘अटी लागू’ हे शब्द तर कोणतीही अट नसताना केवळ सवयीने आले होते.

काटछाट करताना मात्र मी एकदा ‘१ किलो’ हेही उडवले आणि ते महागात पडले. वजन हा किमतीचाच भाग आहे, त्याला पसारा समजू नये. शेजारी अर्ध्या किलोची पाकिटे होती. काहींना तीच ₹१६८ ला वाटून ती महाग म्हणून तशीच राहिली, तर काहींनी ती उचलली आणि काउंटरवर ₹८६ ऐकून, भाव चुकला म्हणून पुन्हा तपासायला लावले. तेव्हापासून अर्ध्या किलोला त्याचे स्वतंत्र कार्ड असते, आणि ते त्याच पाकिटांच्या बरोबर मध्यभागी लागते.

छपाईआधी कार्ड फळीला लावून मी ट्रॉलीच्या लांबीइतका मागे उभा राहतो. याच तपासणीत एकदा मराठी आकड्यांतील १ आणि ९ लांबून सारखे दिसल्याचे लक्षात आले, म्हणून कार्डावर आता किंमत इंग्रजी आकड्यांत आणि मजकूर मराठीत असतो. मराठी ओळींमध्ये अंतर थोडे अधिक ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

शेवटची तपासणी बिलिंगच्या संगणकाशी. एका सोमवारी संगणकात ₹१७६ झाले आणि फळीवर ₹१६८ चे कार्ड दुपारपर्यंत तसेच होते. ज्यांनी ते दाखवले त्यांना आम्ही ₹१६८ मध्येच डाळ दिली. आता प्रत्येक कार्डाच्या मागे वस्तूचा कोड आणि कार्ड काढण्याची तारीख पेनाने लिहिलेली असते, आणि त्या तारखेला रात्री शटर ओढण्याआधी फळ्या भरणारा मुलगा ती कार्डे मोजून माझ्या टेबलावर ठेवतो.