पोलिसातून कॉर्पोरेट सुरक्षेत जाताय? बायोडेटातल्या या चुका टाळा

पोलीस खात्यातून आलेले बायोडेटा वाचताना दोन टोकं दिसतात. एकात सगळंच असतं: कुठल्या गुन्ह्यात कोण आरोपी, खबर कुठून आली, कुठल्या नाक्यावर किती माणसं लावली. दुसऱ्यात काहीच नसतं. 'विशेष शाखेत गोपनीय स्वरूपाचं काम, सात वर्षं' एवढी एकच ओळ. पहिला उमेदवार कंपनी घाबरून नाकारते, दुसरा तिला समजतच नाही. खाजगी कंपनीचा सुरक्षा विभाग सांभाळताना मला दुसऱ्या प्रकारचे बायोडेटा जास्त मिळाले, पण खरं नुकसान पहिल्या प्रकाराने होतं. आज जो खात्याचं गुपित सांगतो तो उद्या आमचंही सांगेल, असा सरळ हिशोब समोरच्याच्या डोक्यात असतो.

'आता रिटायर झालो, आता काय' ही समजूत

१९२३च्या शासकीय गुपिते अधिनियमाचं कलम ५ पदावर असलेल्यांना लागू होतं, तसंच पदावर राहून गेलेल्यांनाही. सेवापुस्तक बंद झालं म्हणून नोकरीत मिळालेली गोपनीय माहिती आपली होत नाही.

दुसरी समजूत दोषारोपपत्राबद्दलची. 'कोर्टात गेलं म्हणजे सगळं जाहीर झालं' असं अनेकांना वाटतं. पण दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा तर वेगळा गुन्हाच आहे, आणि नाव गाळून गाव, महिना आणि शाळा लिहिली तरी ओळख उघड होतेच. ज्याच्या आधारावर निर्धास्त लिहिता येईल अशा गोष्टी थोड्या आहेत: न्यायालयाचा जाहीर निकाल, खात्याने स्वतः काढलेलं प्रसिद्धीपत्रक, आणि जाहीर झालेली पदकं. राष्ट्रपती पदक किंवा महासंचालकांचं बोधचिन्ह वर्षासकट लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सुटे तपशील निरुपद्रवी वाटतात, एकत्र ठेवले की नकाशा होतो

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, संरक्षण शाखेत काम केलेले एक सहायक पोलीस निरीक्षक हिंजवडीच्या एखाद्या आयटी कंपनीत सुरक्षा व्यवस्थापकाच्या जागेसाठी अर्ज करताहेत. त्यांनी लिहिलं आहे:

'शहरातील एका ज्येष्ठ न्यायाधीशांच्या संरक्षणाची जबाबदारी. निवासस्थानी तीन पाळ्यांत प्रत्येकी चार अंमलदार, रात्री मागच्या फाटकावर एकच. जाण्यायेण्याचे दोन मार्ग आलटून पालटून. धमकी देणाऱ्याच्या जवळच्या नातेवाईकाकडून माहिती मिळवून आरोपी ताब्यात.'

नाव कुठेच नाही, म्हणून लिहिणारा निश्चिंत. पण शहर आणि कालावधी बायोडेटात याच्या वरच्याच ओळीत आहे, त्यामुळे ते न्यायाधीश कोण हे शोधायला वर्तमानपत्रं पुरतात. मनुष्यबळ आणि पाळ्या कळल्या. रात्रीची कमकुवत बाजू कळली, आणि तीच व्यवस्था आजही चालू असू शकते. शेवटच्या वाक्याने तर खबर देणारा माणूस उघडा पडला. आरोपीचे जवळचे नातेवाईक असतात किती?

आता तेच काम असं लिहिता येतं:

'धमकी असलेल्या व्यक्तींच्या संरक्षणाचं नियोजन आणि देखरेख. धोक्याचं ठरावीक काळाने मूल्यमापन करून संरक्षण वाढवणं, कमी करणं किंवा काढणं याच्या लेखी शिफारशी वरिष्ठांना केल्या. स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि कार्यक्रमांचे आयोजक यांच्यात समन्वय. अंमलदारांचं प्रशिक्षण आणि अचानक तपासणी. प्रत्येक घटनेनंतर त्रुटींचा आढावा घेऊन कार्यपद्धतीत बदल.'

दुसऱ्या मजकुरात तुम्ही काय ठरवत होता, कोणाशी जुळवून घेत होता आणि नंतर काय सुधारलंत, हे आहे. माहिती कशी मिळाली, कोण कुठे उभं होतं, कुठे कमी पडत होतं, हे नाही. कंपनीला जे आहे तेच हवं असतं. तिच्या संचालकाला धमकीचा मेल आला तर गाडी आणि माणूस द्यायचा की नुसतं लक्ष ठेवायचं, हे ठरवणारा माणूस तिला पाहिजे. तुमच्या खात्याचं मागचं फाटक तिच्या काही कामाचं नाही.

आकडे अगदीच गाळू नका, फक्त ते तैनातीचे नसावेत. हाताखाली किती जण, किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती वर्षं पर्यवेक्षण केलं, हे मोघम आकड्यांत चालतं. एखाद्या विसर्जन मिरवणुकीचा बंदोबस्त सांभाळला असेल तर 'मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमाचं नियोजन, अनेक यंत्रणांशी समन्वय' लिहा. बंदोबस्त योजनेचा कागद कामाचा नमुना म्हणून जोडू नका. लोक जोडतात, शिक्क्यासकट. बक्षिसांच्या याद्याही तशाच जोडतात. त्या यादीत गुन्हा क्रमांक, आरोपींची नावं आणि पथकातल्या सहकाऱ्यांची नावं असतात, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

मजकूर तपासायचा असेल तर दोघांना वाचायला द्या. त्याच शाखेतल्या जुन्या सहकाऱ्याने वाचून जागा आणि दिवस ओळखला, तर जास्त लिहिलं आहे. कंपनीत काम करणाऱ्या भाच्याने वाचून 'मामा, पण तुम्ही नक्की करायचात काय?' विचारलं, तर कमी.

मुलाखतीत ओळखींचा भाव खाणं

'सीडीआर काय, एका फोनवर मिळेल' हे वाक्य टेबलावर पडलं की मुलाखत तिथेच संपते. उमेदवाराला वाटतं आपण वजन दाखवलं. समोरच्याला गुन्ह्याची तयारी दिसते. फोनचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. कंपन्यांच्या कायदा विभागाला असल्या बातम्या पाठ असतात.

मग 'सर, ती केस तुम्ही कशी सोडवली?' असं कौतुकाने विचारलं तर? 'गोपनीय आहे' म्हणून तोंड मिटू नका. 'त्या केसबद्दल बोलता येणार नाही, पण तुमच्या गोदामातून माल कमी होतोय असं धरू' म्हणा आणि काम करून दाखवा. आधी फुटेज सुरक्षित करायचं, कारण डीव्हीआर ठरावीक दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. मग गेट पास, वजनकाट्याच्या पावत्या आणि स्टॉक रजिस्टर एकमेकांशी पडताळायचं, तफावत कुठल्या पाळीत येते ते पाहायचं, आणि संशयिताशी त्यानंतरच बोलायचं. बोलताना मनुष्यबळ विभागाचा माणूस सोबत हवा, कारण इथे तुमच्याकडे अटकेचा अधिकार नाही. हे शेवटचं वाक्य स्वतःहून म्हणणारा उमेदवार फार क्वचित भेटतो, आणि लक्षात राहतो.

संदर्भ म्हणून दिलेले साहेब

कंपनी पडताळणीसाठी तुमच्या जुन्या वरिष्ठांना फोन करते. तुम्ही काळजीपूर्वक लिहिलेलं सगळं साहेब कौतुकाच्या भरात दहा मिनिटांत सांगून मोकळे होतात. म्हणून त्यांना आधी विचारा, बायोडेटाची प्रत पाठवा, आणि पद, कालावधी, वागणूक एवढ्यावरच बोलण्याची विनंती करा. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक मोबाईल नंबर त्यांच्या परवानगीशिवाय अर्जात लिहू नका.