प्लायच्या फळीला इस्त्रीची एज बँड पट्टी: या चुका टाळा

भिंतीवर ब्रॅकेटवर बसणारी, ९०० मिमी लांब, ३०० मिमी रुंद आणि १८ मिमी जाडीची फळी धरू. मागची कड भिंतीला टेकते, म्हणून पट्टी तीनच कडांना लागते. पट्टी मागे आधीच गोंद असलेली, व्हिनियरची, २२ मिमी रुंद घ्या. प्रत्येक टोकाला २५ मिमी जादा धरून १६५० मिमी लागते; दोन मीटर आणली की एखादा तुकडा वाया गेला तरी चालतं.

पट्टी सुटण्याचं कारण बहुतेक वेळा कडेतच असतं. करवतीच्या खुणा राहिल्या, भुसा राहिला किंवा प्लायच्या थरांतली पोकळी उघडी राहिली, तर गोंदाला धरायला जागाच मिळत नाही. पोकळी लाकडाच्या पुट्टीने भरा, पूर्ण वाळू द्या, १२० नंबरचा पेपर गुटक्याला गुंडाळून कड सपाट घासा आणि ब्रशने झाडा.

इस्त्री कॉटनवर ठेवा, वाफ बंद. ती झरझर फिरवली तर व्हिनियर तापतं, पण खालचा गोंद वितळत नाही. एकाच जागी थांबली तर व्हिनियर करपतं. हळू, न थांबता पुढे सरका. इस्त्रीमागोमाग लाकडी गुटका दाबत न्या आणि गोंद गार होऊन धरेपर्यंत दाब सोडू नका. घाई होते ती इथेच. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी फळी गारठलेली असते आणि गोंद नीट भिनायच्या आत गोठतो. अशा दिवशी फळी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच काम धरा. गार झाल्यावर पट्टीवर नखाने टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे पुन्हा इस्त्री आणि पुन्हा गुटका.

आधी दोन्ही आखूड कडा लावून पूर्ण साफ करा, समोरची पट्टी सगळ्यात शेवटी. म्हणजे आखूड पट्ट्यांची टोकं तिच्याखाली झाकली जातात आणि समोरून सांधा दिसत नाही.

दोन्ही बाजूंना सुमारे २ मिमी पट्टी बाहेर राहते. ती धारदार पटाशीने काढा. पटाशीची सपाट बाजू फळीवर टेकलेली हवी. पहिला छिलका कुठे वळतो ते बघा. चीर पट्टीच्या आत शिरत असेल तर तुम्ही लाकडाच्या रेषांच्या उलट जाताय. तिथेच थांबा आणि दुसऱ्या टोकाकडून कापत या. बोथट पटाशी कापत नाही, फाडते. फळीच्या वरच्या थरात पटाशीची धार रुतू देऊ नका, तो पातळ असतो आणि खालचा थर लगेच उघडा पडतो.

टोकं हाताने मोडली की चीर फळीवर येते. जादा तुकड्यावर गोंदाच्या बाजूने कटरची रेघ मारा, टोकाबाहेर जेमतेम १ मिमी ठेवून, आणि मग तोडा. उरलेला मिलिमीटर बारीक कानशीने घासा. जोर फक्त फळीकडे जाताना, परतताना कानस उचलून घ्या, कारण बाहेर ओढणारी कानस पट्टी उचकटते. शेवटी २४० नंबरचा पेपर गुटक्यावर घेऊन कोपऱ्यावर तिरका धरा आणि दोनतीन हलके हात मारा. बोटाला धार लागेनाशी झाली की थांबा. पुढे घासलं तर कोपऱ्यावर गोंदाची काळपट रेघ दिसू लागते.