मित्राच्या लग्नाला जाता येणार नसेल, तर चिठ्ठी अशी लिहावी

येणे जमणार नाही हे पक्के होताच, हळदीच्या आधी पोहोचेल अशी चिठ्ठी पाठवावी, कारण मुहूर्ताच्या दिवशी आलेला निरोप गडबडीत वाचला जात नाही आणि तोवर जेवणाचा अंदाजही आचाऱ्याला देऊन झालेला असतो. ‘बघतो, जमवतो’ असे मोघम लिहू नये. नकार पहिल्याच वाक्यात स्पष्ट असावा आणि कारणही तेथेच संपावे, नाहीतर ते सबबीसारखे वाटू लागते. खानापूरच्या मित्राला असे लिहिता येईल:

“प्रिय मित्रा, त्याच दिवशी माझी खात्याची परीक्षा असल्यामुळे तुझ्या लग्नाला मला येता येणार नाही, याचे फार वाईट वाटते. बेळगावच्या गाडीत एकाच डब्यातली भाकरी खाताना ‘तुझ्या लग्नात वाढायला मीच उभा राहणार’ असे मी म्हणालो होतो, ते सारखे आठवते आहे. अक्षता पडतील तेव्हा मनाने मी मांडवातच असेन. वहिनींना नमस्कार सांग. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंदा घेऊन तुम्हा दोघांना भेटायला येतो.”

आठवण अशी असावी, की ती दुसऱ्या कोणाच्याही चिठ्ठीत शोभणार नाही. भेटीचा दिवस मात्र खरोखर पाळता येईल असाच लिहावा, आणि आहेर त्या भेटीत स्वतःच्या हाताने द्यावा.